दर माणशी किती लिटर दूध? एका बरिस्ता सर्टिफिकेटचं प्रकरण

माझा भाचा गेल्या वर्षी फेब्रुवारीत शिकायला मेलबर्नला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत चिवड्याच्या डब्याखाली लॅमिनेट केलेली दोन सर्टिफिकेटं होती. एक बरिस्ताचं, दुसरं बारटेंडिंगचं. पुण्यात तीन आठवड्यांचा एकत्र कोर्स, फी 45 हजार. 'परदेशात पार्टटाइम नोकरी पक्की' असं कोर्सवाल्यांनी सांगितलं होतं आणि माझ्या मावसबहिणीने ते मनावर घेतलं होतं. तिने मला आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिलाही वाटलं असणार, ताईला कशाला त्रास.

मी इथे अकरा वर्षं कॉफी मशीनमागे उभी आहे. सध्या ज्या कॅफेत आहे तिथे माणसं निवडायच्या कामात मालकाबरोबर मीही असते. त्यामुळे हे प्रकरण मला दोन्ही बाजूंनी दिसलं: घरातला मुलगा म्हणून आणि काउंटरपलीकडे उभा असलेला उमेदवार म्हणूनही.

मालकाला मी आधीच सांगून ठेवलं होतं की नातेवाईक आहे म्हणून सूट देऊ नका. ते सांगायची गरज नव्हती. भाच्याने फाइल उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "याआधी कुठे काम केलंस? तिथे आठवड्याला किती किलो जायची?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. हा प्रश्न त्याला कोर्समध्ये कोणी शिकवला नव्हता. इथे कॅफे किती चालतो हे किलोत मोजतात, म्हणजे आठवड्याला किती किलो कॉफीबिया दळल्या जातात त्यावर. मशीनच्या हँडलमधल्या एका डबल बास्केटमध्ये, म्हणजे पूड भरायच्या गाळणीत, 20 ते 22 ग्रॅम पूड बसते, म्हणजे एका किलोत साधारण 45 ते 50 बास्केट. आठवड्याला 25 किलो जाणाऱ्या कॅफेत काम केलेल्या माणसाने गर्दी पाहिलेली असते, एवढं त्या एका आकड्यावरून मालकाला कळतं. तेवढं सर्टिफिकेटवरून कळत नाही, म्हणून ते कोणी वाचत नाही.

"कोर्स केलाय," भाचा म्हणाला.

"छान. मग दोन फ्लॅट व्हाइट, एक ओट लाटे, एक कॅपुचिनो. डॉकेट समोर लावलंय."

डॉकेट म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी. फ्लॅट व्हाइट म्हणजे कमी फेसाची दुधाची कॉफी. बुधवारची सकाळ, साडेदहा. सकाळचा लोंढा ओसरलेला, दुपारच्या जेवणाचा अजून सुरू व्हायचा होता. मी गल्ल्यावर होते.

पुढच्या दहा मिनिटांत काय घडलं ते सविस्तर सांगते, कारण सगळं प्रकरण त्या दहा मिनिटांतच आहे.

त्याने हँडल काढलं, बास्केट पुसली, पूड भरली, टॅम्परने दाबली. दाबताना मनगट एका बाजूला कललं, त्यामुळे पुडीचा थर तिरपा बसला. तिरप्या थरात पाणी पातळ बाजूने वाट काढतं. ती बाजू जास्त उतरते आणि कडू होते, जाड बाजू अर्धवट राहून आंबट लागते, आणि एकाच कपात दोन्ही चवी येतात. मशीन सुरू केल्यावर दोन तोट्यांपैकी एकीतून धार आधी आली, तिथेच मला कळलं. शॉट 17 सेकंदांत कप भरून मोकळा झाला. आमच्याकडे 21 ग्रॅम पुडीतून सुमारे 40 ग्रॅम कॉफी 28 ते 30 सेकंदांत उतरते. 17 सेकंदांत उतरली तर थर तरी बिघडलाय किंवा पूड तरी जाड दळली गेलीय, आणि अशी कॉफी पातळ, आंबूस लागणार हे चाखायच्या आधीच माहीत असतं. अशा वेळी तो शॉट ओतून द्यायचा, दुसरा नीट सपाट दाबून पाहायचा, आणि तोही पळाला तर ग्राइंडरचा कॉलर बारीककडे किंचित फिरवायचा. त्याने तसंच दूध तापवायला घेतलं.

नंतर मी विचारलं, "ग्राइंडरला हात का लावला नाहीस?"

"मावशी, क्लासमध्ये ग्राइंडरला हात लावायचा नाही असा नियम होता. सर सकाळी सेट करून ठेवायचे."

मला त्याच्यापेक्षा त्याच्या क्लासचा राग आला. ग्राइंडर सकाळी एकदा लावला की दिवसभर तसाच राहील असं होतच नाही. तो तापतो, हवेतला ओलावा बदलतो, बियांची नवी पिशवी फोडली जाते, आणि शॉट पळायला किंवा अडायला लागतो. ते ओळखून दळण बदलणं हाच या कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा दुधाचा.

दुधात तर त्याचं जास्तच फसलं. स्टीमची नळी आधी क्षणभर हवेत सोडून तिच्यातलं साचलेलं पाणी काढायचं असतं, ते राहिलं. मोठा जग त्याने जवळजवळ गळ्यापर्यंत भरला, म्हणजे दुधाला फुगायला जागाच उरली नाही. नळीचं टोक पृष्ठभागाच्या अगदी खाली असताना कागद फाटल्यासारखा चर्र आवाज येतो. दोन-चार सेकंद तो येऊ द्यायचा, मग टोक थोडं आत घेऊन दुधाला भोवरा द्यायचा. त्याने टोक थेट तळाशी नेलं. दूध किंचाळायला लागलं. असा आवाज आला की हवा आत जात नाही, दूध नुसतं तापतंय. घाबरून त्याने जग खाली ओढला, तेव्हा एकदम हवा गेली आणि साबणासारखे मोठे फुगे आले. जग हाताला लावून धरवेना तरी तो थांबला नाही. दूध 60 ते 65 अंशांवर थांबवायचं असतं. त्यावर गेलं की त्याचा गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो, मग ते परत थंड करून सुधारत नाही.

आणि हे सगळं झाल्यावर त्याने पहिल्या कपावर खरोखर सुंदर पान काढलं. फुगेवाल्या दुधातून पान निघणं तसं कठीण, म्हणजे हात होता त्याचा. पण त्या पानाखालची कॉफी पिण्यासारखी नव्हती. उरलेले तीन कप व्हायला आणखी सहा मिनिटं लागली. ओटचं दूध त्याने गाईच्या दुधाच्याच जगात, जग न धुता ओतलं. ओट मागणारा माणूस कदाचित ॲलर्जीमुळे मागत असतो. मालकाने तिथेच थांबवलं.

"हात चांगला आहे," ते मला म्हणाले. "याला कोणीतरी दूध वाया घालवू द्यायला पाहिजे होतं."

मला वाटतं, या विषयावर इतकं नेमकं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

इथल्या मालकांना कागद का दिसत नाही, याला या शहराचाही हातभार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन लोक मोठ्या संख्येने इथे आले आणि येताना एस्प्रेसोची आवड घेऊन आले. पेलेग्रिनीज नावाचा त्यांचा एस्प्रेसो बार 1954 पासून बर्क स्ट्रीटवर आहे. 2008 साली स्टारबक्सने ऑस्ट्रेलियातली 84 पैकी 61 दुकानं बंद केली, कारण कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या कॅफेंपुढे त्यांचं चाललं नाही. असल्या गावात गिऱ्हाईक पहिल्या घोटाला कप परत करतं. त्यामुळे मालक ट्रायल घेतो, म्हणजे थोडा वेळ काम करून दाखवायला लावतो. ही ट्रायल बिनपगारी असू शकते, पण कौशल्य दाखवायला लागेल तेवढाच वेळ आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली, असा इथला नियम आहे. पूर्ण आठवडा 'ट्रायल' म्हणून फुकट राबवून घेणारेही भेटतात. भाच्याला पुढच्याच महिन्यात असा एक भेटला. तिसऱ्या दिवशी मीच त्याला तिथून उठवून आणलं.

आता दुसरं सर्टिफिकेट, बारटेंडिंगचं. त्यात बाटल्या उडवण्याचे नऊ प्रकार होते. भाचा ते खरंच चांगलं करतो, दिवाळीला आमच्या घरी त्याने नारळाच्या तेलाच्या बाटलीवर करून दाखवलं. पण इथल्या बारमध्ये तो अर्ज घेऊन गेला, तेव्हा सगळीकडे पहिला प्रश्न एकच आला: "आरएसए आहे का?"

आरएसए म्हणजे जबाबदारीने दारू देण्याचं प्रशिक्षण. साधारण चार तासांचा कोर्स असतो. बाटल्या त्यात कोणी उडवत नाही. 18 वर्षांखालच्या माणसाला कसं ओळखायचं, कोणतं ओळखपत्र चालतं, चढलेली कशी ओळखायची, पुढचा ग्लास नाकारायचा तर कोणत्या शब्दांत, आणि एक 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणजे 10 ग्रॅम अल्कोहोल, तर 30 मिलीलिटर व्हिस्कीत ते किती येतं, असं सगळं असतं. हा कागद मात्र कायद्याने लागतो. व्हिक्टोरिया राज्यात पबमध्ये किंवा बारमध्ये लागल्यावर एका महिन्याच्या आत तो घ्यावा लागतो आणि दर तीन वर्षांनी उजळणी असते. महिनाभराची मुदत असली तरी व्यवहारात मालक हातात कागद असलेल्यालाच बोलावतात, कारण अर्ज करणारे पन्नास असतात. सिडनीकडे, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये, कामाला उभं राहायच्या आधीच तो लागतो. तिथे फोटोचं कार्ड मिळतं, पाच वर्षं चालतं. एका राज्याचा कागद दुसऱ्या राज्यात आपोआप चालेल असं धरून चालू नये.

म्हणजे सर्टिफिकेटचे मुळात दोन वेगळे प्रकार आहेत, आणि पुण्यातल्या त्या माहितीपत्रकात दोन्ही एका ओळीत छापले होते. एक कागद असा की तो नसेल तर मालकाच्या लायसन्सला धोका, म्हणून तो विचारतोच. दुसरा असा की तो हाताच्या कामाची साक्ष देतो, आणि ते काम मालकाला समोर दहा मिनिटांत बघता येतं, मग साक्ष कशाला हवी? पहिला कागद स्वस्तात मिळतो आणि ज्या राज्यात काम करायचं तिथे मान्य असलेलाच लागतो. भारतातून करून आणून उपयोग नाही. दुसऱ्यावर भाच्याने 45 हजार घातले होते.

आरएसए त्याने एका आठवड्यात, संध्याकाळी लॅपटॉपवर बसून केला. करताना मी एकच गोष्ट तपासायला लावली. इथे सरकारमान्य कोर्सला युनिटचा कोड असतो. आरएसएचा SITHFAB021, एस्प्रेसो कॉफीचा SITHFAB025. संस्था तो कोड शिकवायला नोंदलेली आहे का हे training.gov.au वर शोधता येतं. व्हिक्टोरियात आरएसएसाठी इथल्या दारू परवाना खात्याचीही मान्यता लागते. नुसता रंगीत कागद देणारे इथेही आहेत.

मग कॉफीचा प्रश्न उरला. शिकत असताना विद्यार्थी व्हिसावर पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं, त्यामुळे वेळ वाया घालवण्यात अर्थ नव्हता. भाच्याने दोन कोर्स निवडून माझ्यापुढे ठेवले. पहिल्यात दोन दिवस, दहा विद्यार्थी, दोन मशीन, सरकारमान्य कोड, लाटे आर्टचं वेगळं सत्र आणि शेवटी सर्टिफिकेट. दुसरा एका रोस्टरीच्या, म्हणजे कॉफीबिया भाजणाऱ्या दुकानाच्या, मागच्या खोलीत, चार तास, चार विद्यार्थी, दोन मशीन, कोड नाही, कागदही जवळपास नाहीच. पैसे साधारण सारखेच.

"मावशी, पहिल्यात तास जास्त आहेत."

तास बघायचेच नाहीत, असं मी त्याला सांगितलं. दोघांनाही फोन कर आणि विचार, दर माणशी किती लिटर दूध वापरू देता?

हा प्रश्न मी मुद्दाम असा बांधला आहे. 'प्रॅक्टिकल असतं का' असं विचारलं तर कोणीही हो म्हणतं. दुधाचा आकडा मात्र खोटा सांगणं अवघड जातं, कारण त्यामागे बिल असतं. एका लहान जगला 200 ते 250 मिलीलिटर दूध लागतं, म्हणजे लिटरला चार-पाच जग. दूध तापवताना तो चर्र आवाज कानात बसायला आणि टोक कधी आत घ्यायचं हे हाताला कळायला माझ्या अनुभवात पंचवीस-तीस जग लागतात. म्हणजे पाच-सहा लिटर. पहिल्या संस्थेतल्या मुलीने आधी उत्तर टाळलं, मग म्हणाली, "साधारण एक लिटर, पण सगळ्यांचं बघायला मिळतं." एक लिटर म्हणजे चार जग. रोस्टरीवाल्याने उलट विचारलं, "किती संपवशील? क्रेट भरून ठेवतो, पाच-सहा लिटर तर जातंच."

दुसरा प्रश्न ग्राइंडरचा: तो मला स्वतः बदलू देणार का, आणि मुद्दाम बिघडवून ठेवलेला ग्राइंडर मला नीट लावायला सांगणार का? पहिल्या ठिकाणी नाही. दुसऱ्या ठिकाणी त्याच कामाने सुरुवात होती. तिसरा प्रश्न विचारायची गरजच पडली नाही.

सरकारमान्य कोडचा कोर्स वाईटच असतो असं यातून कोणी घेऊ नये. ज्याला पुढे हॉस्पिटॅलिटीचा डिप्लोमा करायचा आहे त्याला ते युनिट उपयोगी पडतं. आणि स्पेशालिटी कॉफी असोसिएशनची, 2017 मध्ये अमेरिकन आणि युरोपियन संघटना एकत्र येऊन झालेली, जी सर्टिफिकेटं आहेत ती वेगळ्या वजनाची आहेत. त्यांच्या बरिस्ता कोर्सला फाउंडेशन, इंटरमीजिएट, प्रोफेशनल अशा पायऱ्या असतात आणि संस्थेने मान्यता दिलेला प्रशिक्षकच परीक्षा घेतो. रोस्टरीत काम, ट्रेनरची नोकरी किंवा भारतात परत जाऊन स्वतःचा कॅफे असा विचार असेल तर तो खर्च समजण्यासारखा आहे. पण पंधरवड्याला 48 तास काम करून भाडं भागवायचं असलेल्या मुलाला फाउंडेशनच्या एका दिवसाने ट्रायल पार करता येत नाही. मालक त्या संघटनेचं नाव ओळखतो, मान हलवतो, आणि डॉकेट लावतो.

चार तासांच्या त्या कोर्सहून भाचा परत आला तेव्हा त्याच्या अंगाला दुधाचा आंबट वास येत होता. 27 जग त्याने मोजले होते. शेवटच्या सहांत फुगे नव्हते. त्याने आणखी एक गोष्ट शिकून आणली जी मला त्या रोस्टरीवाल्याबद्दल आदर वाटायला पुरेशी होती: चार कॉफींचं डॉकेट आलं की क्रम कसा लावायचा. आधी दोन शॉट सुरू करायचे, ते उतरत असताना ओटचा छोटा जग वेगळा तापवायचा. मग गाईच्या दुधाचा एक मोठा जग, त्यात फ्लॅट व्हाइटला पुरेल इतपतच हवा. पुढचे दोन शॉट उतरेपर्यंत जग हलवत ठेवायचा, आणि ओतताना फेस दुसऱ्या जगात थोडा वळता करून तो शेवटी कॅपुचिनोला द्यायचा. एकाच जगातून तीन कप, प्रत्येकात फेस वेगळा. पुण्यात तीन आठवड्यांत त्याने एका वेळी एकच कप केला होता, कारण मागे पाच जण रांगेत होते.

तरी लगेच बरिस्ता म्हणून कोणी घेतलं नाही. एका कॅफेत तो 'ऑलराउंडर' लागला: टेबलं पुसणं, थाळ्या नेणं, भांडी. इथे बहुतेकांची सुरुवात अशीच होते, आणि भारतातून आलेल्या मुलांना हे घरी सांगायचं सगळ्यात जिवावर येतं. त्याची आई फोनवर म्हणालीच, "सर्टिफिकेट असून भांडी घासतोय?" त्याने तिथे एक हुशारी केली. कॅफे बंद करताना मशीन धुवायचं काम मागून घेतलं. मशीन कोणालाच धुवायला आवडत नाही. त्या वेळी तो दुधाऐवजी जगात थंड पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून स्टीमचा सराव करायचा. हा जुना उपाय आहे. साबणाचं पाणी दुधासारखंच फुगतं, भोवरा दिसतो, आवाज तोच येतो. त्याने ओतायचा हात बसत नाही आणि चव तर कळतच नाही, पण टोक कुठे धरायचं हे फुकटात शिकता येतं. जग आणि नळी नंतर नीट धुवून, नळीतून वाफ सोडायची, एवढं पाळायचं.

सातव्या आठवड्यात तिथला बरिस्ता आजारी पडला. शनिवार होता.

त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला तेव्हा त्याला बोलायला दम नव्हता. दोन कप परत आले होते, एक थंड म्हणून आणि एक चुकीच्या दुधाचा. साडेअकराच्या सुमाराला शॉट पळायला लागले, 20 सेकंदांवर आले. त्याने कोणाला न विचारता ग्राइंडर बारीक केला, दोन शॉट ओतून दिले, तिसरा 29 ला आला. मालकीण मागे उभी होती, काही बोलली नाही. पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांच्या यादीत त्याचं नाव मशीनवर होतं, रविवारचे पाच तास.

बारचं काम त्याने काही महिन्यांनी धरलं, एका पबमध्ये शुक्रवारी रात्री. तिथे त्याला बिअर ओतायला, पिंपं बदलायला आणि लोकांना घरी जायला सांगायला लावतात. बाटली अजून एकदाही उडवलेली नाही. मॅनेजर म्हणतो, उडवलीस तर पगारातून कापीन.

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा पुन्हा फोन आला. तिच्या दिराच्या मुलीला कॅनडाला जायचंय आणि त्याच पुण्याच्या क्लासने आता फी 60 हजार केली आहे, 'ॲडव्हान्स्ड' म्हणून. "ताई, घालू का गं पैसे?"

मी तिला क्लासला फोन करून दुधाचं विचारायला सांगितलं. तासाभराने तिचा निरोप आला: सर म्हणाले, दूध फार महाग झालंय, पण ते स्वतः रोज एक पिशवी आणून सगळ्यांना करून दाखवतात.